कोरं पान सगळ्यांच्या जवळ

काही वर्षांपूर्वी एका स्थानिक वृत्तपत्राच्या जुन्या अंकांची कात्रणं संगणकावर चढवण्याच्या कामात मी मदत करत होतो. कात्रणं स्कॅन झाली, अक्षरं ओळखली गेली, मजकूर हाती आला. आता प्रत्येक बातमीखाली ‘याच विषयावरच्या इतर बातम्या’ दाखवायच्या होत्या. मी छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक बातमीत कोणता शब्द किती वेळा आला ते मोजायचं, त्या आकड्यांवरून दोन बातम्यांमधलं अंतर काढायचं आणि सर्वांत जवळच्या पाच बातम्या दाखवायच्या. हिशेब सरळ होता, शाळेतल्या भूमितीतला.

पहिली चाचणी अवकाळी पावसात कांदा सडल्याच्या बातमीवर घेतली. जवळच्या बातम्या म्हणून काय आलं? दोन ओळींचं शुद्धिपत्रक, हरवलेल्या पाकिटाची सूचना, दुसऱ्या दिवशीच्या पावसाचा अंदाज. कांद्याच्या अर्थकारणावरचा पानभर लेख होता, तो यादीत कुठेच नव्हता. मग साहित्य संमेलनाची बातमी टाकून पाहिली. पुन्हा तेच शुद्धिपत्रक, तेच पाकीट. क्रिकेटची बातमी टाकली, तरीही तेच. आणि या सगळ्यांच्या अधूनमधून चक्क कोरी पानं येत होती. स्कॅन बिघडल्यामुळे ज्यांतलं एकही अक्षर ओळखलं गेलं नव्हतं, अशी.

गणितात चूक नव्हती. मी तीनदा तपासलं. चूक होती ती ‘जवळ’ या शब्दाच्या अर्थात, आणि ती कळायला कागदपेन्सिल पुरते.

समजा, आपल्याला फक्त दोन शब्दांत रस आहे, ‘कांदा’ आणि ‘पाऊस’. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर ‘कांदा’ किती वेळा आला ते घ्यायचं, उभ्या अक्षावर ‘पाऊस’. आता कांदा सडल्याची ती छोटी बातमी घेऊ. तिच्यात कांदा ४ वेळा आणि पाऊस ३ वेळा आहे. म्हणजे कागदावर तिचा बिंदू (४, ३). अर्थकारणावरच्या लांबलचक लेखात कांदा २४ वेळा, पाऊस ७ वेळा, म्हणून त्याचा बिंदू (२४, ७). हवामानाच्या छोट्या सूचनेत कांद्याचं नावही नाही, पाऊस मात्र ५ वेळा आहे. तिचा बिंदू (०, ५). आरंभबिंदूपासून या प्रत्येक बिंदूपर्यंत एक बाण काढला, की त्या त्या मजकुराचा सदिश तयार झाला. संगणकवाले त्याला व्हेक्टर म्हणतात. खऱ्या संग्रहात दोन अक्षांऐवजी हजारो असतात, प्रत्येक शब्दाला एक. ते कागदावर काढता येत नाहीत, पण हिशेब हाच राहतो.

आता पायथागोरसच्या नियमाने अंतर काढू. बातमी आणि हवामानाची सूचना यांच्यात आडवा फरक ४, उभा फरक २. १६ आणि ४ मिळून २०, त्याचं वर्गमूळ सुमारे ४.४७. बातमी आणि लांब लेख यांच्यात आडवा फरक २०, उभा फरक ४. ४०० आणि १६ मिळून ४१६, वर्गमूळ सुमारे २०.४. म्हणजे अंतराच्या हिशेबाने कांद्याच्या बातमीला कांद्याचा लेख खूप लांबचा आणि कांद्याचा उल्लेखही नसलेली सूचना अगदी शेजारची!

कोऱ्या पानाचं कोडंही इथेच सुटतं. कोऱ्या पानाचा बिंदू (०, ०). आपल्या बातमीपासून त्याचं अंतर १६ आणि ९ मिळून २५ चं वर्गमूळ, म्हणजे बरोबर ५. लांब लेखाच्या २०.४ पुढे हे ५ काहीच नाही. ज्यात एकही शब्द नाही ते पान त्याच विषयावरच्या लेखापेक्षा चौपट जवळ ठरलं.

लेखाचा गुन्हा एवढाच, की तो लांब आहे. तोच लेख संपादकाने कापून एकतृतीयांश केला, तर त्यात कांदा ८ वेळा आणि पाऊस साधारण २ वेळा उरेल. मग बातमीपासूनचा आडवा फरक ४, उभा फरक १, आणि अंतर १७ चं वर्गमूळ, सुमारे ४.१२. हवामानाच्या सूचनेचं ४.४७ होतं. म्हणजे लेख कापल्याबरोबर क्रम उलटला! लेखाचा विषय होता तसाच आहे, कमी झाली ती फक्त भरताड. ज्या मोजमापात कात्री लावल्याने नातं बदलतं, ते नात्याचं मोजमाप म्हणायचं कसं?

अंतराच्या वर्गाचे तीन तुकडे केले, की दोष नेमका कुठे आहे ते दिसतं. एक तुकडा पहिल्या मजकुराच्या लांबीचा वर्ग, दुसरा दुसऱ्या मजकुराच्या लांबीचा वर्ग, आणि या दोघांच्या बेरजेतून वजा होणारा तिसरा तुकडा म्हणजे दोघांत सामाईक असलेल्या शब्दांचा हिशेब, तोही दुप्पट. इथे लांबी म्हणजे बाणाची लांबी. आपल्या बातमीची लांबी ५, लेखाची २५ (२४ आणि ७ यांच्या वर्गांची बेरीज ६२५), सूचनेची ५. सामाईक तुकडा काढायचा तर आकडे जोडीजोडीने गुणून बेरीज करायची. बातमी आणि लेख यांच्यासाठी ४ गुणिले २४ अधिक ३ गुणिले ७, म्हणजे ११७. बातमी आणि सूचना यांच्यासाठी ४ गुणिले ० अधिक ३ गुणिले ५, म्हणजे १५. सामाईक भागात लेख सूचनेच्या जवळजवळ आठपट पुढे आहे. पण त्याच्या नावावर ६२५ चा दंड आहे, सूचनेच्या नावावर फक्त २५ चा. त्या दंडापुढे सामाईक भागाचं काही चालत नाही. म्हणून कोणतीही बातमी टाकली तरी उत्तर एकच यायचं, संग्रहातले सर्वांत आखूड मजकूर. कुठल्याही प्रश्नाला तीच ती चार उत्तरं येत असतील आणि ती सगळी आखूड असतील, तर गडबड इथेच आहे असं समजावं. मला हे कळायला एक आठवडा लागला.

उपाय साठ वर्षांपूर्वीच निघालेला होता. जेरार्ड सॉल्टन हे मूळचे जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे. १९६० च्या दशकात त्यांनी आधी हार्वर्ड आणि मग कॉर्नेल विद्यापीठात ‘स्मार्ट’ नावाची मजकूर शोधण्याची यंत्रणा उभी केली. मजकूर म्हणजे शब्दांच्या अक्षांवरचा बाण, ही कल्पना तिथेच रुजली. वाँग आणि यांग या सहकाऱ्यांबरोबर १९७५ साली त्यांनी लिहिलेला निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. दोन बाणांची टोकं एकमेकांपासून किती लांब आहेत हे पाहू नका, दोघांमधला कोन पाहा, असं हा मार्ग सांगतो. बाण लांब असो की आखूड, एकाच दिशेला असेल तर विषय एकच.

कोन अंशांत मोजायची गरज नसते. त्याचा कोसाइन काढणं सोपं पडतं. सामाईक तुकड्याला दोन्ही लांबींच्या गुणाकाराने भागलं, की झालं. बातमी आणि लेख यांचा कोसाइन म्हणजे ११७ भागिले १२५ (५ गुणिले २५), अर्थात ०.९३६. बातमी आणि सूचना यांचा १५ भागिले २५, अर्थात ०.६. एक म्हणजे अगदी एकाच दिशेला, शून्य म्हणजे काटकोनात, एकही शब्द सामाईक नाही. शब्द मोजून केलेल्या बाणांत ऋण आकडे नसतात, त्यामुळे कोसाइन शून्याच्या खाली जात नाही. आता क्रम मनासारखा लागला. लेख वर, सूचना खाली. लेखाला कात्री लावली तरी ०.९३६ जवळपास तसाच राहतो, कारण वरचा आणि खालचा आकडा एकाच पटीने कमी होतो.

(कोसाइन हा शब्द परका वाटला तरी त्याचं घराणं आपल्याकडचं आहे. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात ‘ज्या’ म्हणजे अर्ध्या जीवेची कोष्टकं आहेत आणि तिच्या जोडीची ती कोटिज्या. ज्याचं अरबीत ‘जीबा’ झालं. पुढे लॅटिनमध्ये नेणाऱ्यांनी ते ‘जैब’ म्हणून वाचलं आणि खळगा, वळण अशा अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द त्या जागी बसवला. त्यातून साइन आला, आणि त्याच्या जोडीचा कोसाइन. माझ्या पिढीने शाळेत याची फक्त घोकंपट्टी केली. बातम्यांचा क्रम लावायला तो उपयोगी पडेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर कदाचित परीक्षेत दोन गुण वाढले असते.)

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते. ‘कोसाइन चांगला, अंतर वाईट’ असं ऐकायला मिळतं. खरं तर दोघांत मुळात भांडणच नाही. आपल्या तिन्ही बाणांची लांबी मोजमापाआधीच सारखी करून टाकू. प्रत्येक बाणाचे आकडे त्याच्याच लांबीने भागायचे. बातमी होते (०.८, ०.६), लेख (०.९६, ०.२८), सूचना (०, १). तिघांचीही लांबी आता १. पुन्हा पायथागोरस लावू. बातमी आणि लेख यांच्यात फरक ०.१६ आणि ०.३२, वर्गांची बेरीज ०.१२८, अंतर सुमारे ०.३६. बातमी आणि सूचना यांच्यात फरक ०.८ आणि ०.४, वर्गांची बेरीज ०.८, अंतर सुमारे ०.८९. म्हणजे अंतरानेही आता लेखच जवळचा ठरला.

हा योगायोग नाही. लांबी १ असली, की दंडाचे दोन्ही तुकडे १ आणि १ होतात, आणि उरतं ते असं:

(अंतर)² = २ − २ × कोसाइन

पडताळून पाहा. २ वजा ०.९३६ ची दुप्पट म्हणजे ०.१२८, आणि २ वजा ०.६ ची दुप्पट म्हणजे ०.८. कोसाइन वाढला की अंतर घटतं, कधीही उलट होत नाही. आकडे वेगळे दिसतील, पण यादीचा क्रम तंतोतंत तोच. म्हणून दोन मोजमापं वेगवेगळा क्रम लावत असतील, तर कारण एकच असतं. बाणांच्या लांब्या सारख्या नाहीत. लांब्या सारख्या असतील तर यातलं काय वापरावं यावर रात्र जागवण्यात अर्थ नाही.

मीही लांब्या सारख्या केल्या. शुद्धिपत्रक गेलं, पाकीट गेलं. मग नवं दुखणं आलं. सगळ्याच बातम्या एकमेकींसारख्या दिसू लागल्या, कोसाइन सगळीकडे ०.९ च्या वर. याचं कारण ‘आहे’.

आपल्या कागदावर तिसरा अक्ष घेऊ, ‘आहे’ या शब्दाचा. बातमीत तो १० वेळा, लेखात ८० वेळा, सूचनेत १२ वेळा आला आहे असं धरू. आता बातमी आणि लेख यांचा कोसाइन येतो सुमारे ०.९८, बातमी आणि सूचना यांचा सुमारे ०.९३. मघाशी ०.९३६ आणि ०.६ असं स्वच्छ अंतर पडलेलं होतं. ते पार मिटलं, कारण तिन्ही बाण ‘आहे’ च्या दिशेला झुकले. क्रम या उदाहरणात टिकला, पण असे दहावीस शब्द एकत्र आले की तोही टिकत नाही. ‘आहे’, ‘आणि’, ‘होते’, ‘म्हणाले’ या शब्दांना विषय नसतो. भाषाच त्यांच्यावर चालते.

यावरचं उत्तर केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली दिलं. शब्द जितक्या जास्त मजकुरांत सापडतो तितकं त्याचं वजन कमी करायचं. एकूण मजकुरांच्या संख्येला तो शब्द असलेल्या मजकुरांच्या संख्येने भागायचं आणि त्याचा लॉगॅरिदम घ्यायचा. जो शब्द प्रत्येक मजकुरात आहे त्याचा भागाकार १, लॉगॅरिदम ०, म्हणजे वजन शून्य. त्याचा अक्षच कागदावरून पुसला जातो. हजारात दहाच बातम्यांत येणारा ‘लिलाव’ मात्र भारी ठरतो. हे वजन कोन काढण्याआधी द्यायचं असतं. त्यामुळे बाणांच्या दिशाच बदलतात. कोसाइन फक्त त्याच्या हाती दिलेल्या दिशा पाहतो. दिशा चुकीच्या दिल्या तर तो इमानेइतबारे चुकीचं उत्तर देतो.

मराठीत या दिशा आणखी एका कारणाने चुकतात. एका बातमीत लिहिलंय, ‘कांद्याचे भाव कोसळले’. दुसरीत, ‘कांदा दरात घसरला’. वाचणाऱ्याला दोन्ही एकच. संगणकाला मात्र ‘कांद्याचे’ आणि ‘कांदा’ हे दोन वेगळे शब्द, दोन वेगळे अक्ष, एकमेकांना काटकोनात. सामाईक शब्द एकही नाही, म्हणून कोसाइन शून्य. इंग्रजीत शेवटचा ‘एस’ काढून टाकला की बरंच काम होतं. आपल्याकडे ‘कांदा’चं सामान्यरूप ‘कांद्या’, मग त्याला चा, ची, चे, ला, ने, त, हून, आणि त्यानंतर ‘कांद्याच्यासुद्धा’. एकाच भाजीला डझनभर अक्ष. मूळ शब्दाकडे परत जाणारा छाटणीचा प्रोग्राम लावला, की वरच्या दोन वाक्यांत निदान ‘कांदा’ सामाईक होतो. प्रत्येकी तीन मूळ शब्दांत एक सामाईक, म्हणून कोसाइन एकतृतीयांश. ‘भाव’ आणि ‘दर’ एकच आहेत हे तरीही कळत नाही. ‘कोसळणं’ आणि ‘घसरणं’ यांचंही तसंच. आणि छाटणी फार जोरात केली तर भलतेच शब्द एकाच घरात येऊन बसतात. मराठीत कोसाइन संशयास्पदरीत्या कमी येत असेल, तर गणिताकडे जाण्याआधी शब्दांची छाटणी तपासावी, हे मी चुकत चुकत शिकलो.

कोसाइनचा स्वतःचाही एक पक्षपात आहे, आणि गंमत म्हणजे तोही आखूड मजकुराच्याच बाजूने. अंतराइतका ढळढळीत नाही, पण आहे. समजा, कोणी शोधचौकटीत फक्त ‘कांदा’ असं लिहिलं. संग्रहात एक लेख आहे, त्यात कांदा २४ वेळा आणि शिवाय एकेकदाच आलेले ९०० वेगवेगळे शब्द आहेत. भरपूर माहिती असलेला, चांगला लेख. त्याची लांबी म्हणजे ५७६ अधिक ९०० चं वर्गमूळ, सुमारे ३८.४. कोसाइन २४ भागिले ३८.४, म्हणजे ०.६२५. आणि बाजूला एक जाहिरात आहे, तिच्यात दोनच शब्द, ‘कांदा भजी’. तिची लांबी २ चं वर्गमूळ, १.४१४. कोसाइन १ भागिले १.४१४, म्हणजे ०.७०७. भज्यांची जाहिरात जिंकली! लेखकाने जितकी अधिक माहिती दिली, जितके वेगळे शब्द वापरले, तितका त्याचा बाण ‘कांदा’ या एकट्या अक्षापासून बाजूला सरकला.

हे नुसतं तर्काने नाही, मोजून दाखवलं गेलं. १९९६ साली कॉर्नेलमधल्याच अमित सिंघल, ख्रिस बकली आणि मंदार मित्र यांनी मोठ्या संग्रहांवर दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. अमुक लांबीचा मजकूर कामाचा असण्याची शक्यता किती, आणि कोसाइन तो वर आणण्याची शक्यता किती. दोन्ही रेषा जुळत नव्हत्या. आखूड मजकूर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त वेळा वर येत होते, लांब मजकूर कमी वेळा. मधे कुठेतरी दोन्ही रेषा एकमेकींना छेदत होत्या. त्या छेदाच्या जागेला धरून त्यांनी भाजक थोडा कलता केला. संपूर्ण स्वतःच्या लांबीने भागायचं नाही, काही भाग त्या मधल्या लांबीचा घ्यायचा.

आपल्या उदाहरणात मधली लांबी २० धरू आणि तिचा वाटा तीस टक्के ठेवू. जाहिरातीचा भाजक होतो ६ अधिक १.४१४ चे सत्तर टक्के, सुमारे ७. गुण १ भागिले ७, सुमारे ०.१४. लेखाचा भाजक ६ अधिक ३८.४ चे सत्तर टक्के, सुमारे ३२.९. गुण २४ भागिले ३२.९, सुमारे ०.७३. लेख वर, भजी खाली. वीस आणि तीस हे आकडे मी सोयीसाठी घेतले. खऱ्या संग्रहात ते चाचण्या घेऊनच ठरवावे लागतात, आणि बातम्यांसाठी ठरवलेले आकडे न्यायालयाच्या निकालपत्रांना चालत नाहीत.

या तिघांतले मंदार मित्र पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. भारतीय भाषांमधल्या शोधासाठी ‘फायर’ नावाचा उपक्रम २००८ साली सुरू झाला, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्यात हिंदी आणि बंगालीबरोबर मराठी बातम्यांचाही संच होता. सामान्यरूपांची छाटणी किती उपयोगी पडते, हे त्या मराठी संचावर तपासता आलं.

मग अंतर नुसतं टाकूनच द्यायचं का? तसं नाही. संग्रहात एकच बातमी दोनदा चढली असेल तर ती शोधायची होती. इथे कोसाइन फसवतो. एखादा परिच्छेद नकळत पाच वेळा चिकटवला गेला असेल, तर मूळ परिच्छेद आणि ही पाचपट प्रत यांचा कोसाइन बरोबर १ येतो. कोसाइनच्या लेखी त्या एकच आहेत. अंतर मात्र मूळ लांबीच्या चौपट येतं आणि काहीतरी वेगळं आहे हे सांगतं. तसंच, किती हाच प्रश्न असेल तिथे लांबी फेकून देता येत नाही. एका तालुक्यात वर्षभरात कांद्यावर ४० आणि पावसावर ३० बातम्या आल्या, दुसऱ्यात ४ आणि ३. दोघांची दिशा एकच, कोसाइन १. पण पहिल्या ठिकाणी पेटलेलं प्रकरण आहे आणि दुसऱ्या ठिकाणी किरकोळ. हा फरक फक्त अंतराला दिसतो.

आजकाल शब्द मोजून बाण करणं मागे पडतंय. मोठ्या मजकुरांवर शिकवलेले नमुने प्रत्येक वाक्याला काही शे आकड्यांचा बाण देतात, आणि त्यात ‘भाव’ आणि ‘दर’ जवळ येतात. त्यांतले पुष्कळ नमुने बाणाची लांबी आधीच १ करून देतात. तसं असेल तर वरच्या सूत्रामुळे अंतर वापरा की कोसाइन, यादी तीच. सगळेच तसं करत नाहीत, म्हणून एखादा बाण घेऊन त्याच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून पाहावी. १ आली तर निर्धास्त राहावं. दुसरी खोच नावात आहे. काही साधनं कोसाइन देतात, काही १ वजा कोसाइन देतात. पायथॉनमधलं `scipy.spatial.distance.cosine` हे दुसऱ्या जातीचं. त्याचा आकडा कोसाइन समजून मोठ्याकडून लहानाकडे यादी लावली, तर सर्वांत असंबद्ध मजकूर वर येतो. आणि त्याला अंतर म्हणत असले तरी ते खरं अंतर नव्हे. ० अंशावरून ४५ अंशावर जायला ०.२९३ लागतात, ४५ वरून ९० वर जायला आणखी ०.२९३, आणि ० वरून थेट ९० वर जायला पूर्ण १. वळसा घालून जाणं सरळ जाण्यापेक्षा स्वस्त पडतं. भूमितीत हे चालत नाही, आणि सरळ वाट सर्वांत छोटी असं गृहीत धरून घाईने शोधणाऱ्या पद्धती इथे चुकतात.

माझ्या त्या प्रोग्रामचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. अंतर काढून कोसाइन घातला आणि पहिल्याच दिवशी तो मध्येच बंद पडला. शून्याने भागण्याची चूक. कोऱ्या पानाच्या बाणाला लांबीच नसते, त्यामुळे दिशाही नसते, आणि कोसाइनला तिथे काही उत्तरच नसतं. अंतराने त्या पानांना निमूटपणे ५ चा आकडा देऊन यादीत बसवलं होतं. कोसाइनने त्यांच्यावर बोट ठेवलं. मी त्या पानांच्या क्रमांकांची यादी छापून स्कॅनिंगच्या खोलीत नेऊन दिली. तिथल्या मावशींनी चष्मा वर सरकवून ती वाचली, म्हणाल्या, ‘ही तर गेल्या पावसाळ्यात भिजलेली गठ्ठ्यातली पानं,’ आणि खालच्या कपाटाची किल्ली शोधायला लागल्या.